ईथर वापरलेल्या प्रयोगाचं 'रिस्क असेसमेंट' रिपोर्टमध्ये लिहायचं तरी कसं?

बुटीबोरी_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. मी नागपूरला बीएस्सी फायनलला आहे, विषय रसायनशास्त्र. यंदापासून आमच्याकडे प्रत्येक प्रयोगाच्या रिपोर्टमध्ये रिस्क असेसमेंट असा वेगळा भाग लिहावा लागतो. त्याला दहा गुण आहेत, आणि तो आधी मंजूर झाला तरच बाटली हातात मिळते.

प्रयोग ग्रिन्यारचा आहे. मॅग्नेशियम ०.६ ग्रॅम, ब्रोमोबेंझिन २.६ मिली, कोरडं डायएथिल ईथर ३० मिली. अभिकारक तयार झाला की त्यात बेंझोफिनोन, मग सौम्य आम्ल, शेवटी ट्रायफिनाइलमेथॅनॉल. मी हे लिहिलं होतं:

"डायएथिल ईथर अत्यंत ज्वालाग्राही व बाष्पनशील आहे. उत्कलनांक ३४.६ अंश से., फ्लॅश पॉइंट उणे ४५ अंश से. वाफ श्वासात गेल्यास गुंगी येते. गॉगल, हातमोजे व ॲप्रन वापरावेत. आगीपासून दूर ठेवावे. धोका: मध्यम."

सरांनी खाली लाल पेनाने एकच ओळ लिहिली: "हे ईथरबद्दल झालं. तुझ्या प्रयोगाबद्दल कुठे आहे?" दहापैकी तीन. सगळं सेफ्टी डेटा शीटमधूनच घेतलं होतं, चूक काहीच नव्हती. मग कमी काय पडलं?

प्रयोगवेडा

तक्ता नाही टाकला म्हणून गुण गेले. शक्यता १ ते ५, तीव्रता १ ते ५, दोन्हींचा गुणाकार. आग: शक्यता १, तीव्रता ५, गुणाकार ५, म्हणजे हिरवा रंग. आमच्याकडे सगळे असंच लिहितात.

आणि एक ओळ वाढव. ईथर आपोआप पेट घेतं ते साधारण १६० अंशांच्या पुढे. तुझी हॉटप्लेट ५० वर असेल, त्यामुळे बर्नर लावला नाही की आगीचा प्रश्नच मिटला.

लोटेकर

थांब रे बाबा. १६० चा आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. ५० वर आहे ती तुझी इच्छा, प्लेटचा पत्रा नव्हे. बाथमधल्या पाण्याला ५० वर आणण्यासाठी खालची प्लेट कितीतरी जास्त तापते. बाथ उचलून बाजूला ठेवला की तीच उघडी प्लेट समोर राहते. शिवाय जुन्या प्लेटच्या थर्मोस्टॅटमध्ये चालू-बंद होताना आत ठिणगी पडते, ती कुणाला दिसत नाही. "ज्योत नाही" आणि "पेटवणारं काही नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मी लोटे परशुरामच्या एका कारखान्यात प्रोसेस सेफ्टी बघतो, बावीस वर्षं झाली. बुटीबोरी, तुझ्या सरांची ओळ मला आवडली. तू लिहिलंस ते ईथरच्या कुठल्याही बाटलीला लागू पडतं, कपाटात बंद असलेल्या बाटलीलासुद्धा. हे द्रव्य काय करू शकतं एवढंच त्यातून कळतं. तुझ्या टेबलावर कुठल्या पायरीला, किती ईथर, कशामुळे बाहेर येईल आणि ते आलंय हे तुला कशावरून कळेल, ते कुठेच नाही.

एक हिशेब कर म्हणजे लक्षात येईल. ३० मिली ईथर म्हणजे साधारण २१ ग्रॅम. ते सगळं उडालं तर वाफ होते सात लिटर. हवेत १.९ टक्क्यांच्या आसपास वाफ आली की ती पेटू शकते. म्हणजे तुझ्या फ्लास्कमधलं ईथर पावणेचारशे लिटर हवा पेटण्याजोगी करू शकतं. दोनशे लिटरचे जवळजवळ दोन ड्रम.

आता सांग, तुझ्या टेबलावर ईथरची बाटली केवढी असते?

बुटीबोरी_पॅसेंजर

५०० मिली. चार जणांत एक, हूडमध्येच ठेवतात. झाकण बहुतेक वेळा नुसतं वर ठेवलेलं असतं, फिरवलेलं नसतं. 🙈

लोटेकर

तीच तर गंमत. ती बाटली सांडली तर १२० लिटर वाफ, आणि पेटण्याजोगी हवा सहा हजारांहून जास्त लिटर. नेहमीच्या हूडच्या आतली जागा दीड-दोन हजार लिटरची. म्हणजे प्रयोगातली सगळ्यात मोठी आग तुझ्या फ्लास्कमध्ये नाहीच, ती शेजारच्या बाटलीत आहे. आणि तुझ्या लिखाणात तिचा उल्लेख नाही, कारण कृतीत ती "३० मिली घ्या" एवढीच येते.

मग पहिला उपाय आपोआप सुचतो. ईथर आधीच मोजून बूच लावलेल्या फ्लास्कमध्ये आणायचं आणि बाटली कपाटात परत गेल्याशिवाय मॅग्नेशियमला हात लावायचा नाही. हे एक वाक्य तुझ्या गॉगल-हातमोज्यांपेक्षा जास्त किमतीचं आहे.

निवांत_काकू

माझी मुलगी बारावीला आहे, तिला पुढे केमिस्ट्रीच घ्यायचंय. एवढं धोक्याचं असेल तर घेऊ द्यावं का? की बायोटेक बरं?

लोटेकर

काकू, घेऊ द्या. बायोटेकवाले स्पिरिट आणि बर्नर एकाच टेबलावर ठेवतात.

दारव्हेकर_सुतार

मी शास्त्रातला नाही, पण वाफ पेटते म्हणता त्यावर माझं सांगतो. घरी जुन्या कपाटाला पॉलिश करत होतो. थिनरचा डबा उघडा, खाली फरशीवर. खिडकी उघडी होती, त्यामुळे वास फारसा येत नव्हता. देवघर पलीकडच्या खोलीत, समई जमिनीवर. दहा-बारा फूट अंतर असेल. एकदम फरशीवरून निळी ज्योत सरसरत माझ्याकडे आली. पायावरचे केस जळाले, डब्यावर गोणपाट टाकलं म्हणून वाचलो. बायकोने तेव्हापासून समई चौरंगावर ठेवली. माझा प्रश्न असा की ईथरचंही असंच असतं का?

लोटेकर

असंच, किंबहुना वाईट. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड. टेबलावरून खाली ओघळते आणि जमिनीलगत सरकते. तुमच्याकडे डब्यापासून समईपर्यंत अदृश्य वाट तयार झाली होती, ज्योत त्या वाटेने उलटी आली. बुटीबोरी, हे वाचून तुमच्या लॅबमध्ये एक फेरी मार. तुझ्या हूडपासून पंधरा फुटांत खालच्या बाजूला काय काय आहे ते लिहून आण.

बुटीबोरी_पॅसेंजर

मारली फेरी. हूड एकच, आम्ही बारा जण. म्हणून सहा जण हूडमध्ये आणि सहा जण खिडकीजवळच्या टेबलावर करतात. तिथे वर भिंतीत एक्झॉस्ट फॅन आहे. टेबलाच्या टोकाला खाली ओव्हन ठेवलाय, काचसामान वाळवायला, तो ११० वर दिवसभर चालू असतो. आणि कोपऱ्यात फ्रिज, घरचा असतो तसाच.

सुतार दादा, तुमच्या समईच्या जागी आमचा ओव्हन आहे.

लोटेकर

बरोबर ओळखलंस. ओव्हनचं तापमान ११०, पण आतली कॉइल लाल होते. फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटची आणि दिव्याच्या बटणाची ठिणगी. उरलेलं ईथर "थंड राहील" म्हणून त्यात ठेवणारे मी पाहिलेत. आणि तो फॅन छताजवळ, वाफ जमिनीजवळ. दोघांची भेटच होत नाही. शिवाय वाफ फॅनपर्यंत पोचलीच तर त्याची मोटर साधी.

तुझ्या असेसमेंटमध्ये हे यायला हवं: "खिडकीजवळच्या टेबलावर हा प्रयोग करू नये. सहा-सहाच्या दोन तुकड्या हूडमध्ये. ओव्हन आदल्या दिवशी वापरून प्रयोगाआधी बंद." सरांना हे पटेल की नाही ते वेगळं.

लीड्सची_थंडी

मी इथे लीड्समध्ये पीएचडी करते आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आहे. दर आठवड्याला असे वीस-पंचवीस फॉर्म तपासते. इकडे सगळे त्याला 'कॉश फॉर्म' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. तो २००२ चा नियम आरोग्याला होणाऱ्या अपायापुरता आहे. आग आणि स्फोट यांच्यासाठी त्याच वर्षीचा वेगळा नियम आहे, 'डीसिअर' म्हणतात त्याला. मुलं पहिल्या नावाचा फॉर्म भरतात, म्हणून गुंगी, डोळ्यांची जळजळ, त्वचा कोरडी पडणं यावर पानभर लिहितात आणि आगीला अर्धी ओळ देतात. बुटीबोरीच्या परिच्छेदातही हातमोजे आहेत आणि ओव्हन नव्हता.

प्रयोगवेडा, तुमच्या तक्त्यावर माझा आक्षेप आहे. शक्यता १ कुठून आली? कुणी मोजली? मुलं आधी हिरवा रंग ठरवतात, मग आकडे भरतात.

प्रयोगवेडा

कबूल, आकडे अंदाजाचेच असतात. हॉटप्लेटचंही मान्य. पण तक्ता नसेल तर तपासणारा बघणार काय? आम्हाला एक्स्टर्नल येतात, ते तक्ताच शोधतात.

लोटेकर

तक्ता वाईट नाही, रिकामा तक्ता वाईट. आमच्याकडे उपायाआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा असे दोन लिहितात, आणि तो का बदलला ते शेजारी. बाटली कपाटात गेली की तीव्रता खरोखर कमी होते, कारण जळायला कमी उरलं. ओव्हन बंद केला की शक्यता कमी होते. गॉगलने यातलं काहीच होत नाही, आग लागायची ती लागतेच, फक्त तुझे डोळे वाचतात. ज्याच्यामुळे आकडा हलतो तो उपाय वर लिहायचा, ज्याच्यामुळे हलत नाही तो खाली.

लीड्सची_थंडी

दोन आकड्यांचं चालेल. तरी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी आकडे काढून टाकायलाच सांगते. यावर आपलं जमणार नाही बहुतेक. :)

एक मात्र सांगते. कृतीत ईथर ३० मिली लिहिलंय, पण आम्ल घातल्यावर एक्सट्रॅक्शनला किती घेणार आहेस?

बुटीबोरी_पॅसेंजर

अरे हो. २० मिली दोनदा. म्हणजे आणखी ४०. 😳

लीड्सची_थंडी

म्हणजे अर्ध्याहून जास्त ईथर अभिक्रिया संपल्यावर येतं, जेव्हा सगळे सैलावलेले असतात. मी पाहिलेले जवळजवळ सगळे घोळ तिथेच. सेपरेटिंग फनेल हलवल्यावर तोटी उघडून हवा सोडली नाही की बूच उडतं. ईथर उडवून टाकायचं म्हणून बीकर थेट हॉटप्लेटवर जातो. तू उडवणार कसं आहेस?

बुटीबोरी_पॅसेंजर

रोटाव्हेपर बंद आहे. सर म्हणाले, हूडमध्ये गरम पाण्याच्या बाथवर.

लीड्सची_थंडी

चालेल, पण पाणी दुसरीकडे किटलीत तापवून आणायचं, बाथखाली काही चालू नको. आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत उडवायचं नाही. ईथर हवेत पडून राहिलं की पेरॉक्साइड धरतं, ते उडत नाहीत, तळाशी साचत जातात आणि कोरडे होताना तापले की स्फोट. नव्या बाटलीत बहुधा बीएचटी असतं, ते याला थोपवतं. पण तुमचं "कोरडं" ईथर कुणी सोडियमवर ऊर्ध्वपातन करून ठेवलं असेल तर ते बीएचटी मागेच राहिलेलं असतं. बाटलीवर उघडल्याची तारीख आहे का, आणि शेवटची पेरॉक्साइड चाचणी कधी झाली, ते लिही. तारीख नसेल तर तसंच लिही, "तारीख नाही, म्हणून वापरण्याआधी पोटॅशियम आयोडाइडने चाचणी".

मास्तर_निवृत्त

मी तीस वर्षं हा प्रयोग करून घेतला. कागद पुष्कळ झाले, आता फ्लास्ककडे बघा. ग्रिन्यारची खरी गोम सुरुवातीत आहे. मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा थर असतो, काच ओली असते, अभिक्रिया सुरूच होत नाही. पोरं कंटाळतात आणि सगळं ब्रोमोबेंझिन एकदम ओततात. पंधरा मिनिटं काही नाही. मग एकदम सुरू होते, सगळं एकाच वेळी. ईथर कंडेन्सरमधून कारंज्यासारखं वर येतं. मी छतावर डाग पाहिलेत.

म्हणून आधी दहावा भागच घालायचा, पाव मिली. आयोडीनचा एक कण. फ्लास्क तळहातात धरायचा. आयोडीनचा रंग गेला, द्रव गढूळ झाला, धातूच्या अंगावरून बुडबुडे निघाले, हात काढला तरी उकळी टिकली, तर सुरू झाली समजायचं. त्याआधी दुसरा थेंब नाही. बर्फाचं भांडं शेजारी तयार, पण आधीच खाली लावायचं नाही, नाहीतर सुरू झालेली बंद पडते आणि पोर पुन्हा ओततं.

बाकी ईथर उकळत असताना त्याच्या वाफेनेच फ्लास्कमधली हवा बाहेर जाते, म्हणून ते इतकं वाईट नाही. उगाच घाबरवू नका.

लोटेकर

मास्तर, पाव मिलीचं सोनं आहे, हे थांबण्याचं ठिकाण म्हणून असेसमेंटमध्ये ठळक जायला हवं. फक्त एक. फ्लास्कमधून बाहेर गेलेली ती वाफ कुठेतरी जातेच. आतली हवा गेली म्हणजे आत पेटणार नाही, पण कंडेन्सरच्या तोंडाशी वाफ आणि हवा पुन्हा भेटतात.

आणि नागपूर म्हटल्यावर मला कंडेन्सरचीच काळजी आहे. प्रयोग कधी आहे?

बुटीबोरी_पॅसेंजर

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन ते पाच. लॅबमध्ये एसी नाही, कूलर आहे.

लोटेकर

मग तुझी खोलीच ईथरच्या उत्कलनांकापेक्षा गरम. पुस्तकातला ३४.६ हा समुद्रसपाटीचा आकडा, नागपूर तीनशे मीटर उंच, तिथे तो आणखी अंशभर खाली येतो. बाटली उघडतानाच फुस्स होईल. आता गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला किती अंशांचं येतं, ते थर्मामीटर लावून बघ. आणि तो कूलर कुठल्या दिशेने वारा मारतो तेही बघ. हूडच्या तोंडासमोर असेल तर आतली वाफ तो बाहेर खेचेल.

बुटीबोरी_पॅसेंजर

काल मोजलं, मार्चचा शेवट आहे अजून. सकाळी अकराला नळाचं पाणी २९, दुपारी तीनला ३४. म्हणजे दुपारी कंडेन्सर शोभेचाच.

कूलर हूडसमोरच आहे. 🤦‍♀️

आमचे लॅब असिस्टंट दादा म्हणाले, बादलीत बर्फाचं पाणी आणि कूलरचा छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवू. पण पंप विजेचा, मग तोही ठिणगीत धरायचा का?

लोटेकर

धरायचा. बादली खाली जमिनीवर ठेवलीत तर वाफ नेमकी तिथेच येणार. नळी लांब घ्या, पंप हूडपासून दूर स्टुलावर, आणि प्लगचं बटण मध्येच चालू-बंद करायचं नाही, सुरुवातीला लावला की शेवटपर्यंत. नाहीतर सरळ सकाळच्या बॅचला बर्फाच्या पाण्याने करा. तुझे सर वेळापत्रक बदलतील का, बघ.

मास्तर_निवृत्त

आम्ही हा प्रयोग डिसेंबरातच ठेवत असू. सेमिस्टर आलं आणि सगळं उन्हाळ्यात गेलं.

लीड्सची_थंडी

ईथरच कशाला? २-मिथाइल टीएचएफ घ्या, उत्कलनांक ८० च्या आसपास, ग्रिन्यार त्यात छान होतो. असेसमेंटमध्ये "पर्याय पाहिला का" हे पहिलं विचारतात.

लोटेकर

उकळण्याची अडचण सुटेल, पण फ्लॅश पॉइंट त्याचाही शून्याखालीच, पेरॉक्साइडही तसेच. आणि ८० ला उकळतं म्हणजे अभिक्रिया सुटली तर आधी बरीच जास्त तापणार. ईथर ३५ ला उकळून उष्णता काढून घेतं, ही मास्तरांची बाजू थोडी खरी आहे. शिवाय कॉलेजला किंमत परवडायला हवी. माझं मत अजून ठरलेलं नाही.

बुटीबोरी_पॅसेंजर

नवीन मसुदा टाकतेय, आगीपुरताच. तपासा:

"एकूण ईथर ७० मिली (अभिक्रियेला ३०, एक्सट्रॅक्शनला ४०). दोन्ही वेळा मोजून बूच लावून आणणे. ५०० मिलीची बाटली लगेच कपाटात. काम फक्त हूडमध्ये, सहा जणांची तुकडी. ओव्हन, कूलर व हॉटप्लेट बंद. कंडेन्सरला बर्फाचं पाणी. पाणी १५ अंशांवर गेल्यास बर्फ घालणे. ब्रोमोबेंझिन आधी ०.२५ मिली, आयोडीनचा रंग जाऊन उकळी टिकेपर्यंत पुढे घालायचं नाही. वीस मिनिटांत सुरू न झाल्यास आणखी न घालता शिक्षकांना बोलावणे. सुरू झाल्यावर थेंबथेंब. वाफेची रेषा कंडेन्सरच्या अर्ध्यावर गेली तर थांबवून बर्फ लावणे. आम्ल घालताना फ्लास्क बर्फात. उरलेल्या मॅग्नेशियममुळे हायड्रोजन निघतो. ईथर किटलीतल्या गरम पाण्यावर उडवणे, कोरडं करायचं नाही. आग लागल्यास: छोट्या भांड्यावर वॉचग्लास, मॅग्नेशियम पेटल्यास कोरडी वाळू, पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड नाही. सुती कपडे, ओढणी नाही."

लीड्सची_थंडी

खूपच बरं. "ओढणी नाही" हे ठेवच. २००८ च्या डिसेंबरात यूसीएलएला टर्शरी ब्यूटिललिथियम सिरिंजमधून सांडून पेटलं, ती मुलगी अवघी २३ वर्षांची होती. अंगात लॅबकोट नव्हता, स्वेटर सिंथेटिक होता, आणि शेजारी हेक्झेनचा उघडा फ्लास्क होता, तोही पेटला. अठरा दिवसांनी ती गेली. ते रसायन आपोआप पेटणारं होतं, तुझं तसं नाही. पण शेजारचं उघडं भांडं म्हणजे तुझी ५०० मिलीची बाटलीच.

लोटेकर

एकच सुधारणा. कंडेन्सरवर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावणार ना? आतलं क्लोराइड ओलं होऊन दगड झालं तर तोंड बंद, आणि तू बंद भांडं उकळते आहेस. ताजं भर आणि त्यातून हवा जाते का ते आधी बघ, आणि ते लिही.

बुटीबोरी_पॅसेंजर

लिहिलं. सरांना दाखवलं. कूलर आणि ओव्हन बंद करायला हो म्हणाले, बर्फाला हो म्हणाले. सहाच्या दोन तुकड्यांबद्दल म्हणाले, विभागप्रमुखांना विचारतो. तक्ता पाहिजेच म्हणाले, आकड्यांसकट.

गुण आठ. दोन कशाचे गेले ते सांगितलं नाही.

प्रयोगवेडा

तक्त्याचे. :)